बनियनखालची गाठ: सोलापुरातल्या एका तरुणाचं प्रकरण

मे महिन्यात, पारा ४२ च्या पुढे गेलेला असताना, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि त्याखाली दोन बनियन घातलेला एक २२ वर्षांचा तरुण वडिलांबरोबर माझ्या दवाखान्यात आला. मी सोलापुरात फिजिशियन म्हणून काम करतो. या लेखासाठी त्याची आणि त्याच्या पालकांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याला इथे मी नुसतं ‘तो’ म्हणेन.

वडील यंत्रमागावर काम करून निवृत्त झालेले. तक्रार त्यांनीच सांगायला सुरुवात केली. “डॉक्टर, घरातलं जेवणच बंद केलंय बघा यानं. अंडी उकडून डब्यात घेऊन फिरायलाय. रात्री झोप न्हाई, कुणाशी बोलणं न्हाई. बहिणीच्या लग्नात पंगतीला बसला न्हाई, मागं खोलीत जाऊन डबा खाल्ला.” तो मान खाली घालून ऐकत होता. वडील बाहेर गेल्यावर त्याने शर्ट काढला आणि उजव्या स्तनाग्राखाली बोट ठेवलं. तिथे लिंबाएवढी गाठ होती, दाबली की दुखायची. डाव्या बाजूलाही तशीच, जरा लहान. “सर, हे बाईसारखं व्हायलंय. पोलीस भरतीत छाती मोजताना सगळ्यांसमोर शर्ट काढावा लागतो.”

शर्टाखालचं शरीर मात्र कुणीही वळून बघावं असं होतं. रुंद खांदे, कोरलेले दंड, पोटावर पट्ट्या. पाठीवर आणि खांद्यांवर मोठे लालसर पुरळ. रक्तदाब १४६/९४. बाह्या का, असं विचारलं तर म्हणाला, “हात बारीक दिसतात, सर.” ते हात मोजले तर दंडाचा घेर ४१ सेंटीमीटर भरला.

गाठ आणि बाह्या या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की निदानाची दिशा ठरते. गाठ औषधातून येते. बाह्या आरशातून येतात. औषधाकडे आधी बघू, कारण ते मोजता येतं.

त्याची उंची १७१ सेंटीमीटर. जिम लावली तेव्हा वजन ६१ किलो होतं. दीड वर्ष नियमित व्यायाम करून ते ६८ झालं. ही वाढ नैसर्गिक आहे, किंबहुना चांगली आहे. नव्याने वजन उचलायला लागलेल्या तरुणाला पहिल्या वर्षात महिन्याला साधारण अर्धा किलो, फार तर एक किलो स्नायू चढतो आणि नंतर हा वेग कमी होत जातो. पण पुढच्या पाच महिन्यांत ६८ चे ८२ झाले आणि तेही पोटावर चरबी न येता. दीड वर्षात सात किलो, मग पाच महिन्यांत चौदा. वेग कमी व्हायचा त्या टप्प्यावर तो कितीतरी पटींनी वाढला होता. मला कुठल्याही तपासणीपेक्षा वजनाचा हा आलेख जास्त सांगतो, म्हणून तरुण मुलांना मी ‘काही घेतोस का?’ असं आधी विचारत नाही. ‘कुठल्या महिन्यात किती वजन होतं?’ असं विचारतो.

दुसरं एक माप आहे. चरबी वजा करून उरलेलं वजन किलोत घ्यायचं आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. १९९५ साली अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप यांच्या गटाने स्टेरॉइड घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या खेळाडूंची अशी तुलना केली, तेव्हा न घेणाऱ्यांचा आकडा २५ च्या आसपास थांबतो असं दिसलं. याच्या अंगावर चरबी साधारण १२ टक्के. म्हणजे ८२ किलोतले ७२ किलो चरबीविरहित. भागाकार येतो २४.६ आणि उंचीची किरकोळ दुरुस्ती केली की २५ च्या थोडा वर. एवढ्यावरून कुणाला दोषी ठरवता येत नाही, जन्मजात दणकट माणसं असतात. पण ६१ किलोंवर असताना याच मुलाचा आकडा १८ होता. १८ वरून २५ वर तो चार वर्षांत नाही, दोन वर्षांच्या आत गेला होता.

हे आकडे कागदावर मांडून दाखवले तेव्हा त्याने स्वतःहून सांगितलं. दीड वर्षानंतर वजन अडकलं, तेव्हा जिममधल्या एका प्रशिक्षकाने ‘सायकल’, म्हणजे ठरावीक आठवड्यांचा स्टेरॉइडचा कोर्स सुचवला. आठवड्याला टेस्टोस्टेरॉन एनान्थेटची दोन इंजेक्शनं आणि रोज स्टॅनोझोलॉलच्या गोळ्या. इंजेक्शन जिमच्या मागच्या खोलीत कमरेत दिलं जायचं. एका गणवेशाच्या कारखान्यात दहा तास उभं राहून तो महिन्याला चौदा हजार कमवायचा. त्यातले निम्म्याहून जास्त इंजेक्शनं, गोळ्या आणि पावडरच्या डब्यावर जायचे. माझ्याकडे येण्याआधी सहा आठवडे त्याने ‘गॅप’ घेतली होती.

रक्ताचे अहवाल या गॅपचेच होते. टेस्टोस्टेरॉन ९४. तरुण पुरुषात ते साधारण ३०० ते १००० असतं. वृषणांना काम करायला सांगणारी मेंदूकडची दोन संप्रेरकं, एलएच आणि एफएसएच, जवळपास शून्यावर. बाहेरून एवढं टेस्टोस्टेरॉन येतंय म्हटल्यावर मेंदूने आतला आदेश बंद केला होता आणि बाहेरचा पुरवठा थांबल्यावरही तो परत सुरू झाला नव्हता. वृषणांचा आकार कमी झाला होता. चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, फक्त २२. रक्त दाट झालेलं, हिमॅटोक्रिट ५३. एएलटी आणि एएसटी ही एन्झाइमं वाढलेली होती, पण यकृताचं जीजीटी हे एन्झाइम नॉर्मल होतं, त्यामुळे ती बहुतेक यकृतातून नव्हे, तर व्यायामाने ताणलेल्या स्नायूंतून आली होती. तेवढाच एक दिलासा. आणि ती गाठ: शरीरात गरजेपेक्षा जास्त टेस्टोस्टेरॉन आलं की त्याचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि पुरुषाच्या छातीतल्या एरवी निद्रिस्त असलेल्या ग्रंथी वाढायला लागतात.

उदासी, थकवा, झोप नसणं आणि कामेच्छा मरणं हे ९४ या आकड्याशी जुळत होतं. त्याला मात्र त्याचा वेगळा अर्थ सांगितला गेला होता. “जिमचे सर म्हणाले, बॉडी उतरायला लागली म्हणून डाऊन वाटतंय. पुढची सायकल लावली की परत ठीक होईल.” हा सापळा मला या सगळ्यात सर्वांत घातक वाटतो. बंद केल्यावर येणारी खिन्नता हा औषधाचाच परिणाम असतो आणि तिच्यावर उपाय म्हणून तेच औषध पुन्हा दिलं जातं. या दिवसांत जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा विचार येऊ शकतो, म्हणून तो मी सरळ शब्दांत विचारतो. त्याने मान हलवली. “येतो कधी कधी. करणार न्हाई.” त्याच दिवशी वडिलांना आत बोलावून, त्याच्या समोर, त्याच्या संमतीने सगळं सांगितलं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

आता बाह्यांकडे येतो. ४१ सेंटीमीटरचा दंड ज्याला बारीक दिसतो, त्याच्या डोळ्यांसमोर मोजपट्टी कुठली आहे? ती त्याच्या फोनमध्ये होती. एका फोल्डरमध्ये हिंदी आणि दक्षिणेकडच्या नायकांची शेकडो छायाचित्रं. बहुतेकांत शर्ट नाही, प्रकाश बाजूने पडलेला, नजर कॅमेऱ्याच्या वर. काही नायक खाकीत, शर्टाच्या बाह्या दंडांवर ताणलेल्या. रोज सकाळी आरशाशेजारी फोन धरून तो स्वतःला ताडून बघायचा. मानसोपचारात या अवस्थेला मसल डिसमॉर्फिया म्हणतात. २०१३ पासून अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात ती स्वतःच्या रूपाबद्दलच्या ग्रस्ततेचा एक प्रकार म्हणून नोंदलेली आहे. यात माणूस बलदंड असतो आणि स्वतःला किडकिडीत समजतो.

हे फोल्डर वीस वर्षांपूर्वी भरलं नसतं. हिंदी पडद्यावर बलदंड देह पूर्वीही होते, पण ते ठरावीक जागी होते. दारासिंग पहिलवान होते आणि पडद्यावरही बहुतेकदा ताकदवान माणूस म्हणूनच दिसायचे. प्रेम करणारा, नोकरी शोधणारा, गाणी म्हणणारा नायक तुमच्या-आमच्या अंगकाठीचा असायचा. १९९८ मध्ये सलमान खानचं उघड्या अंगाचं गाणं आलं, २००७ मध्ये चाळिशी ओलांडलेल्या शाहरुख खानने एका गाण्यासाठी सिक्स पॅक दाखवले, २००८ मध्ये आमिर खानचा घोटीव देह पोस्टरवर आला. त्यानंतर भूमिका काय आहे याला महत्त्व उरलं नाही. विद्यार्थी असो, व्यापारी असो, फौजदार असो, देह एकच. माझ्या मते बदल इथे झाला. पहिलवानाचं शरीर हे त्याच्या कामाचं शरीर आहे, ते बघणाऱ्याला कळतं. पण कामाशी नातं नसलेलं तेच शरीर प्रत्येक नायकाला मिळालं, की ते ‘पुरुष असा असतो’ असं सांगायला लागतं.

सोलापुरात तालमी आहेत. इथल्या जुन्या मल्लांची छाती भरदार, मान जाड, कान मोडलेले आणि पोट सुटलेलं नसलं तरी सपाट पट्ट्यांचंही नसायचं. त्याचे आजोबा तालमीत जायचे. घरात त्यांचा लंगोटातला फोटो आहे. त्या फोटोबद्दल तो मला म्हणाला, “त्यांच्यात ताकद होती सर, पण बॉडी नव्हती.” हे वाक्य मी केसपेपरवर लिहून ठेवलं. दोन पिढ्यांत ताकद आणि बॉडी या दोन वेगळ्या वस्तू झाल्या होत्या.

उपचारातला एक मोठा भाग आम्ही त्या फोल्डरवर घालवला. एकेक छायाचित्र उघडायचं आणि त्यात काय दिसत नाही ते बोलायचं. उघड्या अंगाचं दृश्य चित्रीकरणात ठरवून एका-दोन दिवसांवर ठेवलं जातं आणि नायकाचे मागचे कित्येक महिने त्या दिवसाकडे चाललेले असतात. आधी महिनोन् महिने वजन वाढवणं, मग अन्न कमी करत चरबी उतरवणं. शेवटच्या आठवड्यात पिष्ट पदार्थ जवळजवळ बंद, मग एकदम सुरू, म्हणजे स्नायू फुगतात. शेवटचा दिवसभर पाणी अगदी घोटभर, म्हणजे कातडी स्नायूला चिकटते. अंगावरचे केस काढलेले, त्वचेवर तेल किंवा ग्लिसरीनचा फवारा. शॉटच्या आधी दोन मिनिटं रबरी पट्ट्या ओढून नाहीतर जोर मारून दंडात रक्त भरून घेतलेलं. दिवा बाजूने आणि वरून, म्हणजे प्रत्येक खाचेत सावली पडते. नंतर संगणकावर रंग आणि रेषा सुधारल्या जातात. दुसऱ्या दिवशी तो माणूस पोटभर पाणी पितो, जेवतो आणि ते शरीर जातं. हॉलीवूडच्या झॅक एफ्रॉनने २०१७ च्या एका चित्रपटासाठी असा देह केला होता. त्यासाठी लघवी वाढवून पाणी काढणारी जोरकस औषधं घेतली, त्यानंतर झोप उडाली आणि नैराश्य आलं, हे त्याने २०२२ मध्ये मुलाखतीत स्वतः सांगितलं.

त्याच्यावर सर्वांत जास्त परिणाम झाला तो ‘दंगल’च्या उदाहरणाचा. त्या २०१६ च्या चित्रपटात आमिर खान आधी तरुण, कोरीव मल्ल दिसतो आणि मग पोट सुटलेला बाप होतो. चित्रीकरण उलट झालं होतं. आधी वजन सुमारे ९७ किलोपर्यंत नेऊन बापाची दृश्यं केली, मग काही महिने फक्त शरीर उतरवायला घेतले आणि तरुणपण सर्वांत शेवटी चित्रित केलं. त्या प्रवासाचा व्हिडिओ निर्मात्यांनीच प्रसिद्ध केला होता. तो आम्ही दोनदा पाहिला. पहिल्यांदा तो नायकाकडे बघत होता. दुसऱ्यांदा मी त्याला मागची माणसं बघायला सांगितलं: प्रशिक्षक, आहार ठरवणारे, आणि त्या काळात दुसरं काहीच काम नसलेला एक माणूस. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे हे त्याचं काम होतं. माझी ड्युटी सुटल्यावर मी करायलो होतो.”

मुलींना अशीच बॉडी आवडते, हा त्याचा दुसरा पक्का समज. पोप यांच्या गटाने २००० साली ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या तरुणांना पडद्यावर एक पुरुषदेह हवा तसा बदलायला दिला होता. ‘स्त्रियांना कसा आवडेल?’ असं विचारल्यावर त्यांनी स्वतःपेक्षा सुमारे १४ किलो जास्त स्नायूंचा देह निवडला. स्त्रियांना विचारलं तेव्हा त्यांनी साध्या, स्नायू न फुगवलेल्या देहाला पसंती दिली. हा अभ्यास तिकडच्या विद्यार्थ्यांचा आहे, सोलापूरचा नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याने आपल्या बहिणीला विचारलं. ती म्हणाली, “दादा, तू पंगतीला बसला असतास तर आवडलं असतं.”

मात्र आरशाच्या बाहेरचा सर्वांत स्पष्ट पुरावा त्याच्या स्वतःच्या वहीत होता. पोलीस भरतीसाठी तो मैदानावरच्या वेळा लिहून ठेवायचा. भरतीत पुरुषांची उंची किमान १६५ सेंटीमीटर लागते, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंटीमीटर जास्त. मैदानी परीक्षेत १६०० मीटर आणि १०० मीटर धावणं आणि गोळाफेक. दंडाचा घेर कुणी विचारत नाही, पोटावरच्या पट्ट्यांना गुण नाहीत. ६८ किलोंवर असताना तो १६०० मीटर ५ मिनिटं ३५ सेकंदांत धावायचा. ८२ वर ती वेळ ६ मिनिटं २० सेकंद झाली होती. गोळा थोडा लांब जात होता, पण धावण्यात गेलेले गुण त्यातून भरून येत नव्हते. ज्या खाकीसाठी त्याने ते शरीर कमावलं, तिच्यापासूनच ते त्याला लांब नेत होतं. पडद्यावरच्या फौजदाराची बाही ताणलेली असते. भरतीच्या मैदानावर घड्याळ असतं.

उपचार साधे आणि संथ होते. सुई कायमची बंद. मीठ आणि वजन कमी करून रक्तदाब महिन्याभरात औषधाविना उतरला. संप्रेरकं पूर्ववत करण्यासाठी जिममध्ये ‘पीसीटी’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्या त्याने स्वतःहून घेऊ नयेत, हे बजावलं. एंडोक्राइन तज्ज्ञांनी वाट बघायचं ठरवलं, कारण तरुणांत आणि थोड्या काळाच्या वापरानंतर मेंदूचा आदेश बहुधा आपोआप परततो, फक्त त्याला महिने लागतात. गाठीसाठी काही महिने टॅमॉक्सिफेन हे इस्ट्रोजेनचा परिणाम अडवणारं औषध. गाठ ताजी असेल तर ती या औषधाने विरघळू शकते, वर्ष उलटलं की ती तंतुमय होते आणि मग शस्त्रक्रियेशिवाय जात नाही.

मानसोपचारतज्ज्ञांनी औषधाबरोबर त्याला कामं दिली. वजन आठवड्यातून एकदाच करायचं. आरशाजवळ फोन न्यायचा नाही. दुपारचं जेवण घरच्यांबरोबर, भाकरी आणि शेंगाचटणीसकट. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून नवी पेठेत अर्धा तास फिरायचं, कोण आपल्या हातांकडे बघतं ते मोजायचं. पहिल्या संध्याकाळी तो पाच मिनिटांत परतला. नंतर म्हणाला, लोक हातांकडे बघतच नाहीत, दुकानांकडे बघतात.

कठीण गेले ते दुसरा ते चौथा महिना. वजन ८२ वरून ७५ वर आलं. जिममध्ये लोक म्हणायचे, “काय रे, आजारी आहेस का?” त्या काळात त्याने एकदा इंजेक्शन विकत आणलं आणि दोन दिवस कपाटात ठेवलं. टोचलं नाही, माझ्याकडे आणून दिलं. त्या कुपीवरचं लेबल पुसट होतं, बॅच क्रमांक अर्धवट. स्टेरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, त्यामुळे चोरून येणाऱ्या अशा कुपीत नेमकं काय आहे हे घेणाऱ्यालाही माहीत नसतं आणि देणाऱ्यालाही.

तिसऱ्या महिन्यात टेस्टोस्टेरॉन २१० झालं, सातव्या महिन्यात ३८०. एलएच आणि एफएसएच नॉर्मल मर्यादेत आले. एचडीएल ३९. झोप परतली, खिन्नता उतरली. डावी गाठ गेली. उजवी लहान झाली पण राहिली आहे आणि ती काढायची का, हे तो वर्ष संपताना ठरवणार आहे. वीर्यतपासणी त्याने अजून केलेली नाही. शुक्राणू परतायला संप्रेरकांपेक्षा जास्त वेळ लागू शकतो, म्हणून ती पुढच्या भेटीत करायची ठरली आहे.

१६०० मीटरची वेळ आता ५ मिनिटं २८ सेकंद आहे. जिम त्याने सोडलेली नाही, सोडावी असं मी म्हटलंही नव्हतं, फक्त जागा बदलली आहे. फोनमधलं फोल्डर अर्धं रिकामं केलं आहे, पूर्ण नाही. ७४ किलोंवर हात बारीक दिसतात, असं तो अजूनही म्हणतो. फरक एवढाच की आता तो ते अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसून म्हणतो. मागच्या भेटीत त्याच्याबरोबर कारखान्यातला एक १९ वर्षांचा मुलगा होता. त्या मुलाने खुर्चीवर बसताच सांगितलं की गेल्या तीन महिन्यांत त्याचं वजन ९ किलोंनी वाढलं आहे.